जाळीत अडकलेला आवाज

उजव्या कानात गाणं नेहमीसारखं वाजतं आणि डाव्या कानात तेच गाणं शेजारच्या खोलीतून आल्यासारखं येतं. इअरबड वर्ष-दीड वर्ष वापरले की बऱ्याच जणांना हा अनुभव येतो. गाण्यात गायकाचा आवाज सहसा दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असतो, म्हणून तो डोक्याच्या मधोमध ऐकू येतो. एक बाजू मंदावली की तो आवाज हळूहळू चांगल्या कानाकडे सरकू लागतो. हे एका दिवसात घडत नाही. रोज थोडं थोडं कमी होत जातं, कानाला त्याची सवय होत जाते आणि मग एखाद्या शांत रात्री फरक एकदम लक्षात येतो.

बहुतेक जण इथे निष्कर्ष काढतात की एक बड ‘गेला’. प्रत्यक्षात आतला स्पीकर बिघडला असेल, तर आवाज फाटतो, खरखरतो, अधूनमधून तुटतो किंवा पूर्ण बंद होतो. आवाज स्वच्छ आहे, फक्त दबलेला आहे आणि महिनोन्‌महिने कमी होत आलाय, असं असेल तर पहिला संशय जाळीवर घ्यायला हवा. ती घरी साफ करता येते. अडचण अशी की घरी साफ करतानाच चांगला बड कायमचा खराब होण्याचे प्रकारही घडतात. म्हणून आत काय आहे, ते आधी पाहिलेलं बरं.

कानात घालायच्या बडवरची रबरी टोपी, म्हणजे सिलिकॉनची टिप, हलक्या हाताने ओढली की निघते. तिच्याखाली एक छोटी नळी दिसते. नळीच्या तोंडावर अगदी बारीक विणीची जाळी बसवलेली असते. काही बडमध्ये ती धातूची असते, काहींत कृत्रिम धाग्याची. कडेला लावलेल्या गोंदाच्या पातळ रेषेवर ती टिकून असते. जाळीच्या मागे थोडी मोकळी जागा आणि त्यामागे स्पीकरचा पडदा. हा पडदा केसाहूनही पातळ प्लास्टिकचा असतो. तो मागेपुढे हलून हवा ढकलतो आणि ती हलती हवा जाळीतून कानात पोचते. जाळी मळ आणि धूळ आत जाऊ देत नाही. शिवाय तिच्या विणीमुळे आवाजाचा कर्कशपणा थोडा दबतो, कंपनीने तो हिशेब धरूनच ती निवडलेली असते. त्यामुळे ‘जाळीच काढून टाकली तर?’ हा विचार मनात येणं साहजिक असलं, तरी तसं केल्यास आवाज बदलतो आणि पुढचा मळ थेट पडद्यावर जाऊन बसतो.

आता मळाबद्दल. कानाच्या नळीचा बाहेरचा साधारण एक तृतीयांश भाग मळ तयार करतो. तिथल्या ग्रंथींचे स्निग्ध स्राव आणि त्वचेच्या गळून पडलेल्या पेशी यांचं ते मिश्रण असतं. मळ कानाचं रक्षण करतो आणि कानाची त्वचाच त्याला हळूहळू बाहेर सरकवत आणते. बड नेमका त्याच वाटेवर बसतो. कानातल्या उबेने मऊ झालेला मळ जाळीला चिकटतो, तिच्या छिद्रांत शिरतो आणि बड काढून डबीत ठेवला की गार होऊन घट्ट होतो. दुसऱ्या दिवशी त्यावर नवा थर. काही लोकांचा मळ कोरडा, भुसभुशीत असतो, काहींचा ओला आणि चिकट. हा फरक जन्मजात असतो. 2006 साली जपानी संशोधकांनी तो एबीसीसी-11 या एका जनुकाशी जोडून दाखवला. ओल्या मळाच्या माणसाची जाळी लवकर भरते, त्यात त्याच्या स्वच्छतेचा काही दोष नसतो. केसांना चापून तेल लावून लगेच बड घातले, तर मात्र त्यात तेलाचीही भर पडते, धूळ चिकटते आणि थर आणखी घट्ट होतो.

एकच बाजू का बुजते, याचं उत्तर बहुधा वापरात सापडतं. फोनवर बोलताना अनेक जण एकच बड घालतात आणि तो ठरलेला असतो. काही जण एका कुशीवर झोपून ऐकतात. दोन कानांत मळही सारखा तयार होत नाही.

आवाजाचं गणितही थोडं समजून घेण्यासारखं आहे. आवाज 10 डेसिबलने उतरला की कानाला तो साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. जाळी अर्धवट बुजते तेव्हा बहुतेक वेळा आधी आवाजाची धार जाते. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे वर्ण बोथट होतात, झांजेची किणकिण मंदावते आणि सगळं दबल्यासारखं वाटू लागतं. याउलट, बोलणं स्वच्छ ऐकू येतंय पण तबल्याच्या डग्ग्यातला भारदस्तपणा गेलाय, असं असेल तर दोष जाळीत नसून टिपमध्ये असण्याची शक्यता जास्त. टिप कानात घट्ट बसली नाही की खर्जाचा आवाज फटीतून निसटतो. अशा वेळी एका मापाने मोठी टिप लावून पाहावी. जाळी घासून काही उपयोग होत नाही.

हात लावण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते ठरवायला हवं. ठाण्याहून मुंबईला लोकलने जाणाऱ्या एका नोकरदार बाईंचं उदाहरण कल्पनेनेच घेऊ. बड सव्वा वर्षाचे. डावा बड त्या फोनसाठी एकटाच वापरतात आणि त्याचाच आवाज उतरलाय.

त्यांनी पहिल्यांदा फोन तपासावा. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटी या भागात डाव्या-उजव्या आवाजाचा बॅलन्स असतो. ती पट्टी खिशात किंवा मुलांच्या हातून चुकून सरकलेली असू शकते. ती बरोबर मधोमध आणावी. तिथेच मोनो ऑडिओ नावाचा पर्याय असतो, तो तपासापुरता चालू करावा. त्यामुळे दोन्ही बडना अगदी एकच आवाज मिळतो. हे आवश्यक आहे, कारण अनेक गाण्यांत एक वाद्य डावीकडे आणि दुसरं उजवीकडे मुद्दाम ठेवलेलं असतं, आणि तुलना फसते. बातम्या वाचणारा एखादा स्थिर आवाज यासाठी उत्तम. पन्नासच्या दशकातल्या भावगीतांची मूळ ध्वनिमुद्रणंही चालतात, कारण ती मोनोच आहेत.

दुसरी तपासणी सगळ्यांत महत्त्वाची, आणि तीच बहुतेक जण करत नाहीत. दोन्ही बड एकाच कानाने ऐकायचे. बाईंचा उजवा कान चांगला आहे, तर त्याच कानाशी आधी उजवा बड धरायचा, मग डावा. डावा बड उजव्या कानात नीट बसणार नाही, वाकडा बसेल, पण बोटाने क्षणभर धरून ठेवला की पुरे. बड कानातून काढल्यावर आवाज आपोआप थांबत असेल, तर कंपनीच्या ॲपमधून ती सोय तेवढ्यापुरती बंद करावी. उजव्या कानालाही डावा बड मंदच ऐकू आला, तर दोष बडमध्ये आहे. दोन्ही बड सारखेच ऐकू आले, तर दोष डाव्या कानात आहे, आणि जाळी कितीही घासली तरी फरक पडणार नाही.

हा दुसरा निकाल गंभीरपणे घ्यायला हवा. कानात मळाचा बोळा बसला असेल किंवा सर्दीने कान दडला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ पाहून इलाज करतील. पण एका कानाचं ऐकणं एकाएकी, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत कमी झालं असेल, तर थांबू नये. आतल्या नसेशी संबंधित अशा बहिरेपणावर उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी ऐकू परत येण्याची शक्यता जास्त असते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

बाईंच्या उदाहरणात दोष बडमध्ये निघाला. आता दोन्ही टिपा काढून, बड कानाशी नुसते धरून पुन्हा ऐकावं. टिपांशिवाय दोन्ही सारखे वाजले, तर मळ टिपच्या भोकात साचलाय आणि काम सोपं आहे. डावा अजूनही मंद असेल, तर फोनचा टॉर्च तिरपा धरून दोन्ही जाळ्या शेजारी शेजारी पाहाव्यात. सरळ प्रकाशात मळ दिसत नाही, तिरप्या प्रकाशात लगेच दिसतो. उजव्या जाळीची वीण सुटी, चमकती दिसते आणि डावीच्या छिद्रांत पिवळट-तपकिरी, मेणचट थर भरलेला असतो. फोनच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा केला तर आणखी स्पष्ट होतं. हा फोटो ठेवून द्यावा, साफ केल्यावर तुलनेला उपयोगी पडतो.

सफाईची सुरुवात नेहमी कोरडी. बाईंनी बड फोनपासून तोडावा, शक्य असेल तर बंद करावा आणि टेबलावर पांढरा कागद पसरावा. हाती घ्यायचा तो लहान मुलांचा, अगदी मऊ केसांचा, नवा आणि पूर्ण कोरडा टूथब्रश. बड असा धरायचा की जाळीचं तोंड जमिनीकडे राहील. खालून वर ब्रश टेकवायचा आणि वजन न देता, केसांच्या टोकांनीच जाळी झाडायची. जाळीचं तोंड वर ठेवून कोरडा ब्रश चालवला, तर सुटलेले कण छिद्रांतून आत पडतात. तोंड खाली असलं की ते कागदावर पडतात. दहा-पंधरा सेकंद झाडून बडच्या पाठीवर बोटाने दोन-तीनदा हलकं टिचकावं, ब्रश कापडाला पुसून पुन्हा झाडावं. कागदावर तपकिरी भुगा दिसू लागला की मळ निघतोय. मळ कोरड्या प्रकारचा असेल, तर बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं.

चिकट मळ ब्रशला दाद देत नाही. त्यासाठी भिंतीवर कागद चिकटवायची जी मऊ पुट्टी स्टेशनरीच्या दुकानात मिळते, तिची वाटाण्याएवढी गोळी घ्यावी. ती जाळीवर हलकेच टेकवायची आणि सरळ उचलायची. प्रत्येक वेळी गोळीची नवी बाजू. यात दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. गोळी हातात बराच वेळ मळली तर ती उबेने फार मऊ होते आणि तिचेच तुकडे छिद्रांत अडकतात. आणि जोराने दाबून ओढली, तर जुना गोंद सोडून जाळीच तिच्याबरोबर येते. जाळीची कड जराही उचललेली दिसली, तर पुट्टी वापरूच नये.

ओल्या सफाईबद्दल मात्र कंपनीचा सल्ला हाच नियम. ॲपलने आपल्या काही एअरपॉडसाठी अधिकृतपणे एक पद्धत दिली आहे. तिच्यात साबण किंवा स्पिरिट नाही, तर चेहऱ्यावरचा मेकअप पुसायचं मिसेलर वॉटर आहे. त्यात स्निग्ध पदार्थ सोडवणारे अगदी सौम्य घटक असतात. ब्रश त्यात थोडासा बुडवायचा, जाळी वर धरून साधारण 15 सेकंद गोल गोल फिरवायचा, मग बड उलटा करून टिपकागदावर असा टेकवायचा की कागद जाळीला लागेल आणि ओल शोषून घेईल. हे एकूण तीनदा. नंतर धुतलेला ब्रश डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून तीच कृती, म्हणजे मिसेलर वॉटरचा अंश मागे राहत नाही. शेवटी बड निदान दोन तास वाळू द्यायचे आणि मगच डबीत ठेवायचे किंवा वापरायचे. इथे जाळी वर धरलेली चालते, कारण द्रव थेंबभरच असतो आणि लगेच उलटं करून तो टिपला जातो. डिस्टिल्ड वॉटर यासाठी की नळाच्या, त्यातही बोअरच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर त्याच छिद्रांत उरतात.

ही पद्धत सगळ्या बडना लागू पडत नाही. खोक्यावर आयपीएक्स-4 लिहिलेलं असतं, ते पाहून अनेकांना बड पाण्यात चालतो असं वाटतं. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की चहूबाजूंनी उडालेल्या शिंतोड्यांनी तो बिघडू नये. बुडवणं किंवा नळाखाली धरणं त्यात येत नाही. शिवाय ही चाचणी साध्या पाण्याने, नव्या वस्तूवर होते. साबणाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा बारीक फटींत सहज शिरतं, आणि वर्षभर घाम लागलेला गोंद नव्यासारखा राहत नाही. म्हणून माहितीपत्रकात जाळीच्या ओल्या सफाईचा उल्लेख नसेल, तर कोरड्या पद्धतीवर थांबणंच शहाणपणाचं. स्पिरिटने बडचं बाहेरचं अंग पुसायला काही कंपन्या परवानगी देतात, जाळीला मात्र ते लावू नये, कारण ते गोंद सैल करू शकतं. जखमेवर लावायचं हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळून मळ उचकटतं हे खरं, पण ते आत झिरपलं तर पडदा आणि तारेच्या वेटोळ्यापर्यंत पोचतं. ते न वापरलेलं बरं.

सगळ्यांत जास्त नुकसान मात्र पिनेने होतं. सेफ्टी पिन, सुई, टाचणी, दातकोरणी, यांतलं काहीही छिद्रात घातलं की मळाचा खडा बाहेर येण्याऐवजी आत ढकलला जातो. टोक निसटलं तर पडद्याला भोक पडतं, आणि मग त्या बडमधून फक्त फाटका आवाज येतो. तोंडाने फुंकर मारणंही टाळावं. फुंकरीबरोबर ओल जाते आणि सुटे कण पडद्यावर जाऊन बसतात. हवेच्या दाबाचा डबा आणि घरातला व्हॅक्यूम क्लीनर ही तर या कामाची साधनंच नव्हेत. केसाहून पातळ पडदा एका झोताने ताणला जाऊ शकतो. वाळवण्यासाठी हेअर ड्रायर लावला, तर गरम हवेने मळ वितळून अजून खोल जातो आणि आतल्या बॅटरीलाही ताप होतो.

टिपांचं काम वेगळं आणि सोपं आहे. सिलिकॉनच्या टिपा कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून धुवाव्यात, आतलं भोक कापसाच्या काडीने पुसावं. त्या पूर्ण वाळल्याशिवाय बडवर चढवू नयेत, आत राहिलेला एक थेंबसुद्धा जाळीवर पसरून छिद्रं बंद करतो आणि आवाज पुन्हा दबतो. फोमच्या टिपा धुण्यापेक्षा बदलाव्यात.

बाईंनी कोरड्या ब्रशनंतर पुन्हा ऐकलं, तर बहुधा आवाज थोडा वर आलेला असेल. तेव्हा लगेच जोर वाढवायचा मोह होतो. त्याऐवजी पुट्टीची दोन-तीन टेकणी, पुन्हा ब्रश, पुन्हा टॉर्चने पाहणं, असा क्रम ठेवावा. उरलेला मळ दुसऱ्या दिवसासाठी सोडला तरी चालतं. जाळी स्वच्छ दिसते आणि मोनो आवाज पुन्हा मधोमध येतो, तिथे थांबावं.

दरम्यानच्या काळात एक गोष्ट करू नये. मंद बाजू ऐकू यावी म्हणून लोक आवाज वाढवतात, आणि त्याचा सगळा मारा चांगल्या कानावर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या निकषानुसार प्रौढांसाठी 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत सुरक्षित धरला जातो. आवाज दर 3 डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. म्हणजे डाव्या बडची कसर भरायला 9 डेसिबल वाढवले, तर उजव्या कानासाठी 40 तासांचे 5 तासच उरतात. रोज लोकलचा दोन तासांचा प्रवास असेल, तर ते तीन दिवसांत संपतात.

हा प्रश्न श्रवणयंत्रं बनवणाऱ्यांनी फार पूर्वीच ओळखला होता. कानाआड बसणाऱ्या अनेक यंत्रांत आवाज येणाऱ्या टोकाला मळ अडवणारी एक चिमुकली गाळणी असते, आणि ती साफ न करता बदलायची असते. सोबत मिळणाऱ्या काडीच्या एका टोकाने जुनी ओढून काढायची, दुसऱ्या टोकावरची नवी दाबून बसवायची, झालं. अमेरिकेतल्या इटिमॉटिक रिसर्च या कंपनीने 1991 मध्ये ईआर-4 नावाचे इअरफोन आणले, त्यांतही बदलता येणाऱ्या गाळण्या आणि त्या काढायचं छोटं अवजार होतं. आजच्या बहुतेक वायरलेस बडमध्ये ही सोय नाही, जाळी गोंदाने कायमची बसवलेली असते. ही उणीव कंपन्यांनी भरून काढायला हवी, कारण वापरणाऱ्याच्या कानात मळ तयार होणं काही थांबणार नाही.

तोवर मळ साचू न देणं हाच सोपा मार्ग. बड वापरून झाले की डबीत ठेवण्याआधी कोरड्या सुती कापडाने जाळीचं तोंड पुसून घ्यावं. मळ तेव्हा अजून मऊ असतो आणि वरच्या वर निघतो. आठवड्यातून एकदा टिपा काढून, जाळी खाली धरून ब्रशचे चार हात मारावेत. फोनसाठी दर वेळी तोच बड न घालता आलटून पालटून घालावा. तेल लावलेल्या केसांवर आणि आंघोळीनंतर ओल्या कानात बड घालणं टाळावं.

एवढं करूनही जाळी स्वच्छ आहे आणि आवाज मंदच आहे, असं झालं तर मळ जाळीच्या मागे पोचलेला असतो किंवा घामाने पडद्याचं काम बिघडलेलं असतं. बड उघडून पाहू नये, ते चिकटवून बंद केलेले असतात आणि आत लिथियमची छोटी बॅटरी असते. वॉरंटीची मुदत असेल, तर साफसफाईआधी काढलेला फोटो आणि एकाच कानाने केलेल्या तुलनेचा निकाल सेवा केंद्रात सांगावा. मुदत संपली असेल, तरी जोडीच्या किमतीऐवजी एकच बड बदलून मिळतो का, हे विचारून घ्यावं. काही कंपन्या ती सोय देतात, आणि डबी व दुसरा बड चालू असताना पूर्ण जोडी विकत घेण्याचं कारण उरत नाही.